मानेमागील पारभासकता तपासणी

मानेमागील पारभासकता तपासणी (प्रचलित नाव : एनटी स्कॅन) ही गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीच्या अखेरीस केली जाणारी सोनोग्राफी आहे. या वेळी प्रत्येक गर्भाच्या मानेच्या मागील बाजूस, त्वचेखाली, द्रवाचा एक पातळ थर असतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर हा थर काळ्या पट्टीसारखा दिसतो. त्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजली जाते. आईचे वय आणि तिच्या रक्तातील दोन घटकांचे प्रमाण यांच्याशी ही जाडी जोडून गर्भाला डाऊन सिंड्रोम (ट्रायसोमी २१) व तत्सम गुणसूत्रदोष असण्याची शक्यता काढतात. रक्तचाचणीसह केलेल्या या तपासणीला 'संयुक्त चाचणी' किंवा 'डबल मार्कर' म्हणतात. ही चाळणी चाचणी आहे, निदान नव्हे. तिचे उत्तर 'आहे' किंवा 'नाही' असे नसून '७८० मध्ये १' अशा गुणोत्तराच्या रूपात मिळते.

## नावाबाबतचा गोंधळ

बोलताना या तपासणीस अनेकदा 'मानेच्या घडीची तपासणी' म्हटले जाते. वास्तविक मानेमागील घडी हे वेगळे मोजमाप आहे. ते दुसऱ्या तिमाहीत, साधारण १६ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत, डोक्याच्या आडव्या छेदात घेतात. त्यात त्वचेसह सगळी जाडी मोजली जाते आणि सुमारे ६ मिमी ही मर्यादा मानतात. पहिल्या तिमाहीत मात्र गर्भाच्या उभ्या छेदात केवळ त्वचेखालील द्रवाची जाडी मोजतात. एका मोजमापाची मर्यादा दुसऱ्यास लावल्यास ५ मिमीची एनटी 'ठीक' वाटू शकते. प्रत्यक्षात बाराव्या आठवड्यात ती गंभीर वाढ ठरते. म्हणून अहवाल वाचताना मोजमापाचे नाव आणि गर्भाचे वय दोन्ही पाहावे लागतात.

## पार्श्वभूमी

इंग्लंडमधील वैद्य जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये या अवस्थेचे वर्णन करताना अशा मुलांची त्वचा शरीराच्या मानाने मोठी भासते असे नोंदवले होते. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी हीच अधिकची त्वचा आणि तिच्याखालचा द्रव गर्भावस्थेत तिसऱ्या महिन्यातच दिसू शकतो हे स्पष्ट झाले. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील किप्रॉस निकोलाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये या द्रवाची जाडी व गुणसूत्रदोष यांचा संबंध मांडला. पुढे त्यांनीच स्थापन केलेल्या फीटल मेडिसिन फाउंडेशनने मोजमापाची पद्धत ठरवून दिली आणि ती जगभर स्वीकारली गेली. भारतातील बहुतेक केंद्रांतही तीच पद्धत अनुसरली जाते.

द्रव साचण्याचे एकच कारण नाही. लसिकावाहिन्यांची वाढ उशिरा होणे, हृदयाची रचना किंवा कार्य सदोष असणे, त्वचेखालील संयोजी ऊतीची घडण वेगळी असणे अशी अनेक कारणे संभवतात. पूर्णतः निरोगी गर्भातही हा थर कधी कधी जाड आढळतो. चौदाव्या आठवड्यानंतर तो बहुधा ओसरतो. म्हणून नंतरच्या सोनोग्राफीत मान सामान्य दिसली, तरी बाराव्या आठवड्यातील वाढीव मोजमाप त्यामुळे रद्द होत नाही.

## तपासणीचा काळ

तपासणी ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत करतात. या अवधीत गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी, म्हणजे सीआरएल, ४५ ते ८४ मिमी असते. त्याहून लहान गर्भात मोजमाप विश्वसनीय नसते. त्याहून मोठ्या गर्भात द्रव ओसरू लागतो आणि गर्भ उभा-आडवा होत राहिल्याने योग्य छेद मिळणे कठीण जाते.

सीआरएलचे काम केवळ तपासणीची वेळ ठरवणे एवढेच नाही. गर्भ वाढतो तसा निरोगी गर्भातील द्रवाचा थरही किंचित जाड होतो. सीआरएल ४५ मिमी असताना एनटीचा मध्यक सुमारे १.२ मिमी असतो, तर ८४ मिमी असताना तो २ मिमीच्या जवळ जातो. त्यामुळे २.३ मिमी हा आकडा लहान गर्भात चिंतेचा आणि मोठ्या गर्भात सामान्य असू शकतो. केवळ ३.५ मिमी हा आकडा सीआरएल कितीही असला तरी मोठा मानला जातो, कारण शंभरातील सुमारे ९९ गर्भांत जाडी त्याहून कमी असते.

## मोजमापाची पद्धत

येथे एक दशांश मिलिमीटरलाही महत्त्व असते. म्हणून छेद कसा घ्यावा याचे नियम काटेकोर आहेत.

गर्भ बाजूने, बरोबर मध्यरेषेवर दिसला पाहिजे. नाकाचे टोक, टाळू आणि मेंदूचा मध्यभाग एकाच चित्रात आले म्हणजे छेद मध्यरेषेवर आहे असे समजतात. चित्र इतके मोठे करतात की पडद्यावर केवळ डोके आणि छातीचा वरचा भाग राहतो. गर्भाची मान सरळ, नैसर्गिक स्थितीत असावी लागते. मान मागे ताणली असेल तर मोजमाप सुमारे ०.६ मिमीने वाढू शकते आणि हनुवटी छातीला टेकली असेल तर सुमारे ०.४ मिमीने घटू शकते. निरोगी गर्भातील संपूर्ण थर दीड मिमीच्या आसपास असतो हे पाहता ही चूक किती मोठी आहे हे ध्यानात येते.

दुसरी सामान्य चूक उल्बावरणाची आहे. गर्भजल धारण करणारे हे पातळ पटल या काळात गर्भाच्या त्वचेपासून थोड्या अंतरावर तरंगते आणि पडद्यावर तेही बारीक पांढऱ्या रेषेसारखे दिसते. गर्भ त्यालाच टेकून असेल तर त्वचा कोणती आणि पटल कोणते हे ओळखू येत नाही. अशा वेळी गर्भ हलेपर्यंत थांबावे लागते. आईला खोकावयास सांगतात किंवा पोटावर हलकेच थोपटतात. गर्भ दूर सरकला की त्वचेची रेषा त्याच्यासोबत सरकते आणि पटल जागीच राहते.

यानंतर काळ्या पट्टीच्या सर्वांत रुंद जागी, तिला सीमित करणाऱ्या दोन पांढऱ्या रेषांवर मोजणीची चिन्हे ठेवतात. चिन्हाची आडवी रेघ पांढऱ्या रेषेत मिसळून गेलेली असावी, द्रवात उतरलेली नसावी. एकाहून अधिक मोजमापे घेतात आणि निकष पाळणाऱ्या मोजमापांपैकी सर्वांत मोठे ग्राह्य धरतात. नाळ मानेभोवती असल्यास तिच्या वर आणि खाली मोजून सरासरी घेतात. गर्भ अनुकूल स्थितीत नसेल तर आईला थोडे चालून येण्यास सांगितले जाते. तासाभराने पुन्हा बोलावणे हे तपासणी काळजीपूर्वक चालल्याचे लक्षण आहे, काही बिघडल्याचे नव्हे.

याच बैठकीत गर्भाचे हातपाय, कवटी, पोटाची भिंत, जठर व मूत्राशय पाहिले जातात. नाकाचे हाड दिसते का हेही नोंदवतात, कारण डाऊन सिंड्रोम असलेल्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिकांत ते या वेळी दिसत नाही.

## रक्ताची चाचणी

आईच्या रक्तात वारेतून आलेले दोन घटक मोजतात. एकाचे नाव पीएपीपी-ए आणि दुसऱ्याचे मुक्त बीटा-एचसीजी. डाऊन सिंड्रोम असलेल्या गर्भात सरासरीने पहिला घटक निम्म्यावर येतो आणि दुसरा जवळपास दुप्पट होतो. ट्रायसोमी १८ व १३ मध्ये दोन्ही घटतात.

हे घटक दिवसागणिक बदलतात. पीएपीपी-ए या काळात वेगाने वाढत असतो, तर मुक्त बीटा-एचसीजी उतरत असतो. म्हणून प्रयोगशाळा मूळ आकड्याची तुलना त्याच दिवसाच्या गर्भवयाच्या मध्यकाशी करते आणि अहवालात तो मध्यकाच्या किती पट आहे हे देते. अहवालात हे माप 'एमओएम' या नावाने असते. १ एमओएम म्हणजे बरोबर मध्यकाइतके आणि ०.५ एमओएम म्हणजे मध्यकाच्या निम्मे.

आईचे वजनही या तुलनेत धरावे लागते. वजन अधिक असलेल्या स्त्रीच्या शरीरात रक्ताचे प्रमाण जास्त असल्याने वारेतून येणारे घटक त्यात विरळ होतात. सडपातळ स्त्रीत उलटे घडते. पंचेचाळीस किलो वजनाच्या स्त्रीचा नमुना वजन न लिहिता पाठवला, तर तिचा पीएपीपी-ए आहे त्यापेक्षा चांगला भासतो आणि खरा धोका झाकला जाऊ शकतो. म्हणूनच नमुन्यासोबतच्या अर्जात जन्मतारीख, वजन, नमुना घेतल्याची तारीख, सोनोग्राफीची तारीख, सीआरएल, एनटी, जुळे असल्यास तशी नोंद, मधुमेह आणि गर्भधारणा कृत्रिम पद्धतीने झाली का, ही माहिती मागितलेली असते.

## निकाल एकत्र कसे येतात

गणिताचा पाया साधा आहे. आईच्या वयानुसार असलेली मूळ शक्यता घ्यावयाची आणि प्रत्येक मोजमापाच्या गुणकाने तिला गुणावयाचे. डाऊन सिंड्रोम असलेल्या गर्भात ते मोजमाप आढळणे निरोगी गर्भाच्या तुलनेत किती पट संभवनीय आहे, हे गुणक सांगतो. गुणक १ हून मोठा असेल तर शक्यता वाढते, लहान असेल तर घटते.

बाराव्या आठवड्यात मूळ शक्यता २५ वर्षांच्या आईसाठी साधारण ९५० मध्ये १, ३० वर्षांसाठी ६२५ मध्ये १, ३५ वर्षांसाठी २५० मध्ये १ आणि ४० वर्षांसाठी ७० मध्ये १ अशी असते.

उदाहरणादाखल सोलापुरातील ३० वर्षांची एक गर्भवती घेऊ. सोनोग्राफीत सीआरएल ५८ मिमी आले. या लांबीला गर्भाचे वय १२ आठवडे २ दिवस आणि एनटीचा मध्यक सुमारे १.५ मिमी असतो. तिच्या गर्भाची एनटी १.६ मिमी भरली, म्हणजे जवळपास मध्यकाइतकी. अशा मोजमापाचा गुणक सुमारे एक पंचमांश धरता येईल. ६२५ मध्ये १ ही शक्यता त्यामुळे सुमारे ३,१०० मध्ये १ इतकी खाली येते. रक्तात पीएपीपी-ए ०.६ एमओएम आणि मुक्त बीटा-एचसीजी १.७ एमओएम मिळाले. दोन्ही घटक थोडेसे डाऊन सिंड्रोमच्या दिशेला झुकलेले आहेत. त्यांचा एकत्रित गुणक ४ धरल्यास अंतिम शक्यता सुमारे ७८० मध्ये १ होते. नुसता रक्ताचा अहवाल पाहून घाबरलेल्या या स्त्रीची शक्यता तिच्या वयाच्या सर्वसाधारण स्त्रीपेक्षा थोडी कमीच ठरली.

आता रक्ताचे आकडे तेच ठेवून एनटी २.७ मिमी मानू. या मोजमापाचा गुणक सुमारे १० होतो. ६२५ मध्ये १ वरून शक्यता ६२ मध्ये १ वर आणि रक्ताच्या गुणकानंतर साधारण १६ मध्ये १ वर येते. दोन्ही निकालांत फरक आहे तो १.१ मिमीचा. एनटी मोजताना मान ताणलेली होती का, हा प्रश्न किती मोलाचा आहे ते यावरून कळते.

तिसरी शक्यता तारखेच्या चुकीची. समजा, या स्त्रीला शेवटच्या पाळीची तारीख नक्की आठवत नव्हती आणि तिने सांगितलेल्या तारखेनुसार गर्भ १३ आठवड्यांचा ठरला. प्रयोगशाळेने सीआरएलऐवजी हीच तारीख धरली, तर तुलना पाच दिवसांनी मोठ्या गर्भाच्या मध्यकाशी होईल. त्या वयाला पीएपीपी-ए अधिक अपेक्षित असल्याने तिचा आकडा आणखी कमी वाटेल. मुक्त बीटा-एचसीजी कमी अपेक्षित असल्याने तिचा आकडा आणखी जास्त वाटेल. एकाच चुकीने दोन्ही घटक डाऊन सिंड्रोमच्या दिशेला ढकलले जातात आणि निरोगी गर्भाचा अहवाल 'जास्त धोका' असा येतो. म्हणून अहवाल हाती आल्यावर सर्वप्रथम त्यावरील सीआरएल, दोन्ही तारखा, वय आणि वजन मूळ सोनोग्राफीच्या कागदाशी ताडून पाहावे. चूक आढळल्यास नव्याने रक्त देण्याची गरज नसते. त्याच आकड्यांवर गणना पुन्हा करून मिळते.

## 'जास्त धोका' याचा अर्थ

अनेक प्रयोगशाळा २५० मध्ये १ किंवा त्याहून अधिक शक्यतेस 'जास्त धोका' म्हणतात आणि २५० ते १,००० यांमधील शक्यतेस मध्यम गटात टाकतात. ही रेघ सोयीसाठी आखलेली आहे. २४० मध्ये १ आणि २६० मध्ये १ यांत गर्भाच्या दृष्टीने काही फरक नाही.

केवळ वयावर विसंबल्यास डाऊन सिंड्रोमचे सुमारे ३० टक्के गर्भ हेरले जातात. एनटी जोडल्यास हे प्रमाण ७५ ते ८० टक्के होते आणि रक्ताचे घटकही जोडल्यास ८५ ते ९० टक्के. या तिन्ही आकड्यांत सुमारे ५ टक्के निरोगी गर्भही 'जास्त धोका' गटात येतात.

समजा, एखाद्या समूहात बाराव्या आठवड्यात ५०० मध्ये १ गर्भास डाऊन सिंड्रोम आहे. अशा १०,००० गर्भवतींत २० गर्भ बाधित असतील. चाचणी त्यांपैकी १८ हेरील आणि २ निसटतील. उरलेल्या ९,९८० निरोगी गर्भांपैकी सुमारे ५०० गर्भांनाही 'जास्त धोका' असा शेरा मिळेल. म्हणजे असा शेरा मिळालेल्या साधारण २९ स्त्रियांपैकी २८ जणींचा गर्भ या दोषापासून मुक्त असतो. दुसरीकडे 'कमी धोका' ही हमी नसते, हे ते दोन निसटलेले गर्भ दाखवतात.

## पुढील तपासण्या

निश्चित निदानासाठी गर्भाच्या पेशी तपासाव्या लागतात. ११ ते १४ आठवड्यांदरम्यान वारेचा सूक्ष्म तुकडा घेता येतो आणि १५ आठवडे पूर्ण झाल्यावर, सहसा सोळाव्या आठवड्यापासून, गर्भजल काढता येते. दोन्ही तपासण्यांत सोनोग्राफीखाली सुई वापरतात. कुशल हातांत या प्रक्रियेमुळे गर्भपात होण्याचा धोका साधारण दोनशेत एक किंवा त्याहून कमी असतो.

आईच्या रक्तातील गर्भाचा मुक्त डीएनए तपासणारी चाचणी डाऊन सिंड्रोमसाठी अधिक अचूक आहे. ९९ टक्क्यांच्या आसपास गर्भ ती हेरते. मात्र तीही चाळणीच आहे आणि तिचा होकारार्थी निकाल सुईच्या तपासणीने पक्का करावा लागतो. एनटी ३.५ मिमी किंवा अधिक असल्यास बहुधा थेट सुईच्या तपासणीचा सल्ला देतात. कारण अशा वेळी मुक्त डीएनए चाचणीत न दिसणारे गुणसूत्रदोषही संभवतात.

गुणसूत्रे सामान्य निघाली तरी प्रकरण तेथे संपत नाही. वाढीव एनटीमागे हृदयाचा जन्मजात दोष असू शकतो. म्हणून १८ ते २० आठवड्यांना सविस्तर सोनोग्राफी आणि गर्भाच्या हृदयाची स्वतंत्र तपासणी करतात. तथापि, एनटी ३.५ ते ४.४ मिमी असलेल्या गर्भांपैकी सुमारे एकपंचमांशांत गुणसूत्रदोष आढळतो, तर जवळजवळ ७० टक्के गर्भ मोठ्या दोषाविना जन्मतात. जाडी वाढत जाते तसे हे प्रमाण झपाट्याने घटते आणि ६.५ मिमीच्या पुढे ते १५ टक्क्यांवर येते.

## सोलापूरसारख्या जिल्ह्यातील मर्यादा

या तपासणीची सर्वांत मोठी अडचण तिचा अवघा तीन आठवड्यांचा अवधी ही आहे. गर्भवतीची नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी असा शासकीय आरोग्यसेवेचा दंडक आहे आणि आशा स्वयंसेविकांकडे गर्भधारणा तपासण्याचे संच असतात. पण दर महिन्याच्या ९ तारखेला होणारी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी मुख्यतः दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील स्त्रियांसाठी आहे. चौथा महिना लागल्यावर पहिल्यांदा दवाखान्यात आलेल्या स्त्रीला एनटीचा उपयोग उरत नाही. तिच्यासाठी १५ आठवड्यांनंतरची चार घटकांची रक्तचाचणी आणि पुढील सोनोग्राफी हे पर्याय असतात.

दक्षिण महाराष्ट्रातील काही समाजांत मामाच्या किंवा आत्याच्या मुलामुलींत विवाहाची रीत आहे. अशा कुटुंबांत 'एनटी चांगली आली, आता चिंता नाही' असा समज होऊ शकतो. नात्यातील विवाहाने वाढतो तो आईवडील दोघांकडून सदोष जनुक मिळाल्याने होणाऱ्या आजारांचा धोका. थॅलेसेमिया, काही प्रकारचा जन्मजात बहिरेपणा हे त्यांतले. संयुक्त चाचणी हे आजार शोधत नाही. डाऊन सिंड्रोम बहुतांशी आईच्या वयाशी निगडित असतो, नात्यातील विवाहाशी नव्हे. त्यामुळे या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या तपासण्यांतून घ्यावी लागतात.

सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, तर अहवाल इंग्रजीत असतो. '१:७८०' हे गुणोत्तर घरच्या भाषेत 'अशा ७८० बायांपैकी एकीच्या बाळाला, ७७९ जणींच्या नाही' असे सांगितले म्हणजे त्याचा अर्थ पोहोचतो.

## कायदेशीर चौकट

गर्भलिंग तपासणीच्या गैरवापराविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला आणि २००३ पासून त्यातील सुधारणा लागू झाल्या. त्यानुसार एनटी स्कॅन केवळ नोंदणीकृत केंद्रातच करता येते. प्रत्येक गर्भवतीसाठी 'फॉर्म एफ' भरावा लागतो आणि गर्भाचे लिंग जाणून घ्यावयाचे नाही असे तिचे निवेदन घेतले जाते. लिंग सांगणे आणि विचारणे दोन्ही गुन्हे आहेत. सुईच्या तपासणीसाठी स्त्रीची लेखी संमती आवश्यक असते.

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार २० आठवड्यांपर्यंत एका आणि विशिष्ट परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते. गर्भात गंभीर दोष असल्यास २४ आठवड्यांनंतरचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. बाराव्या आठवड्यात 'जास्त धोका' असा शेरा मिळाला, तरी गर्भजल तपासून निश्चित निदान होण्यास पुरेसा अवधी असतो. केवळ चाळणीच्या गुणोत्तरावरून घाईने गर्भपात केल्यास वरील उदाहरणातील २९ पैकी २८ वेळा तो दोषमुक्त गर्भाचा होईल. निदान झाल्यानंतर गर्भ ठेवावयाचा की नाही, हा निर्णय संपूर्ण माहितीनिशी त्या स्त्रीने घ्यावयाचा असतो.